'सर्व स्तरांसाठी' काढून टाकताना: योगवर्गांच्या वेळापत्रकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम हातात घेतलं. वेळापत्रकावर आठवड्याचे २१ वर्ग आहेत. त्यांतल्या १४ वर्गांपुढे 'सर्व स्तरांसाठी' लिहिलंय, चारांपुढे 'मध्यम', दोनांपुढे 'प्रगत' आणि एकट्या वर्गापुढे 'प्रवेश'. म्हणजे ज्याने कधी मॅटवर पाऊल ठेवलेलं नाही त्याला वेळापत्रक सांगतं की १५ वर्ग तुमचेच आहेत, बघा काय ते.

सध्याची दोन वर्णनं जशीच्या तशी उतरवून ठेवतो.

विन्यास: 'श्वास आणि हालचाल यांचा सुरेल संगम साधणारा, तन-मनाला नवी ऊर्जा देणारा प्रवाही सराव.'

यिन: 'दिवसभराचा ताण विरघळवून तन-मनाला नवा तजेला देणारा शांत, अंतर्मुख सराव.'

एका वर्गात माणूस घामाने निथळतो, दुसऱ्यात एकाच आसनात पाच मिनिटं पडून असतो. ही दोन वर्णनं आपसांत बदलली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

दुपारी रिसेप्शनच्या ताईंशेजारी बसून फोन ऐकले. "मी नवीन आहे, कुठल्या वर्गाला येऊ?" हा प्रश्न सारखा येतो. ताई स्तर वगैरे काही विचारत नाहीत. त्या विचारतात, "खाली बसून परत उठायला त्रास होतो का? हातावर जोर देता येतो ना? की मनगट दुखतं?" आणि मग सरळ सांगतात, "तुम्ही मंगळवारी सकाळी या." वेळापत्रकावर जे असायला हवं ते सगळं ताईंच्या तोंडी आहे. ते कागदावर आणायचं, एवढंच या कामाचं स्वरूप.

९ जानेवारी

विन्यासाच्या संध्याकाळच्या वर्गात मागे वही घेऊन बसलो. शिक्षिकाबाईंची परवानगी होती.

पहिली पाच मिनिटं सगळं सोपं. मग सूर्यनमस्कार सुरू झाले आणि वेग कळला. विन्यासात एका श्वासाला एक हालचाल असते. श्वास घेत हात वर, सोडत पुढे वाकणं, घेत छाती उचलणं, सोडत पाय मागे टाकून खाली उतरणं. चालत्या सरावात एक श्वास घ्यायला किंवा सोडायला चार-पाच सेकंद लागतात, त्यामुळे पुढची सूचना द्यायला शिक्षिकेकडे तेवढीच सेकंदं असतात. त्यात आसनाचं नाव घेता येतं. ते कसं करायचं हे सांगता येत नाही. ज्याला ते आधीपासून येतं त्याच्यासाठी नाव पुरेसं आहे. ज्याला येत नाही तो मान वळवून शेजाऱ्याकडे बघतो, तोवर शेजारी पुढच्या आसनात गेलेला असतो.

समोरच्या रांगेत एक गृहस्थ होते. अंग कमावलेलं, बहुधा धावणारे. ताकद भरपूर, पण चतुरंग दंडासनात खाली येताना कोपरं बाहेर फाकत होती आणि खांदे कोपरांच्याही खाली जात होते. नवख्याचं इथेच चुकतं, आणि पुढे खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखणं धरतं. हे आसन एकदा चुकलं तर फारसं बिघडत नाही. पण या वर्गात प्रत्येक बाजूच्या आसनांनंतर ते पुन्हा येतं आणि तासाभरात वीस-पंचवीस वेळा सहज होतं.

आणखी एक गोष्ट टिपली. बारा स्थितींचा सूर्यनमस्कार ज्यांना चांगला येतो, तेही इथे अडखळतात. त्यात गुडघे, छाती आणि हनुवटी जमिनीला टेकवतात. इथे त्या जागी चतुरंग दंडासन येतं, म्हणजे अख्खं अंग जमिनीपासून वीतभर वर हातांवर तोललेलं. 'सूर्यनमस्कार येत असतील तर या' असं मोघम लिहिलं तर ही मंडळी नक्की फसणार.

१० जानेवारी

काल वर्गानंतर वेळ नव्हता, म्हणून आज विन्यासाच्या बाईंशी बोललो. 'सर्व स्तरांसाठी' काढायचं म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या.

"अहो, मी प्रत्येक वेळी पर्याय देते. गुडघे टेकवा, हवं तर बालासनात थांबा. मग सर्वांसाठीच झाला ना वर्ग?"

पर्याय त्या देतात, हे मी स्वतः ऐकलं होतं. मी विचारलं, "बालासन म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला तो पर्याय कसा घेता येणार?"

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का, नवीन माणूस आला की माझं अर्धं लक्ष त्याच्याकडेच असतं. बाकीच्यांवर अन्याय होतो. त्यालाही वाटतं, आपल्यालाच काही जमत नाही."

पर्याय निवडायलाही थोडा सराव लागतो, हे आजच्या बोलण्यातलं मुख्य. 'सर्व स्तरांसाठी' हे शिक्षिकेच्या बाजूने खरं असतं, कारण ती कुणालाच परत पाठवणार नसते. येणाऱ्याच्या बाजूने ते खरं ठरत नाही. वर्णन येणाऱ्याच्या बाजूने लिहायचं हे ठरलं.

बाईंना विचारलं की वर्गात पहिल्यांदा येणाऱ्याला कमीत कमी काय यायला हवं. त्यांनी लगेच तीन गोष्टी सांगितल्या: प्लँकमध्ये अर्धा मिनिट थांबता येणं, अधोमुख श्वानासन कसं दिसतं हे माहीत असणं, आणि उभ्याने पुढे वाकून परत वर येताना चक्कर न येणं. 'मध्यम स्तर' या शब्दांतून यातलं काहीच कळत नाही.

१४ जानेवारी

यिनचा वर्ग. हा सगळ्यांना सोपा वाटतो आणि नवखे आपण होऊन इथे येतात. रिसेप्शनच्या ताई म्हणतात की तक्रारी मात्र याच वर्गाच्या जास्त.

कारण समजायला वेळ लागला नाही. ताकद लागत नाही हे खरं. पण आसनं सगळी जमिनीवरची, आणि प्रत्येकात तीन ते पाच मिनिटं स्नायू सैल सोडून थांबायचं. ज्यांचा गुडघा पूर्ण वाकत नाही किंवा ज्यांना मांडी घालून बसता येत नाही, त्यांच्यासाठी तासभर जमिनीवर राहणं हेच कठीण काम आहे. उभ्याने हळूहळू केलेला हठाचा वर्ग त्यांना कितीतरी सोपा जाईल. जुन्या वर्णनातला 'शांत' हा शब्द वाचून हीच माणसं नेमकी इथे येऊन बसतात.

दुसरी अडचण उलट्या टोकाची. ज्यांचे सांधे मुळातच सैल आहेत, त्यांना ताण जाणवतच नाही, म्हणून ती आणखी खोल जात राहतात आणि सांध्याच्या शेवटच्या हद्दीवर पाच मिनिटं लोंबकळतात. शिक्षक त्यांना मुद्दाम आधीच थांबायला सांगतात आणि खाली ब्लॉक किंवा लोड देतात. पण पहिल्या दिवशी त्यांना कोण ओळखणार? शिक्षक म्हणाले, "वर्णनात एवढंच लिहा की अंग लवचीक असेल तर सुरुवातीलाच सांगा. बाकी मी बघतो."

शिवाय, तीन मिनिटं झाल्यावर जे जाणवतं त्याचं काय करायचं हे नवख्याला माहीत नसतं. ओढल्यासारखा बोथट ताण ठीक आहे. टोचल्यासारखं दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर आसनातून बाहेर यायचं. हे शिक्षक वर्गात सांगतात, म्हणून वर्णनात नको. वर्णनात अंगावर घ्यायला काहीतरी उबदार आणा एवढं हवं. हालचाल नसल्यामुळे अंग थंड पडतं, आणि हे आधी कुणीच सांगत नाही.

१७ जानेवारी

म्हैसूर पद्धतीचा अष्टांग वर्ग. वेळापत्रकावर 'प्रगत' लिहिलंय.

पहाटे आत डोकावलं तर तसंच वाटतं. कोणी हातांवर उभं, कोणी पाय मानेमागे घेतलेले, खोलीत बोलणं नाही, फक्त श्वासाचा आवाज. नवखा दारातूनच परत जाईल. पण तासभर बसल्यावर चित्र फिरलं. इथे सगळे मिळून काहीच करत नाहीत. दोन तासांच्या मुदतीत कधीही या, आपापला क्रम आपापल्या वेगाने करा. शिक्षक फिरत फिरत एकेकाजवळ जातात. आज एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. सरांनी त्यांना सूर्यनमस्काराचा पहिला प्रकार शिकवला. त्यात मोजून नऊ हालचाली असतात. तो दोनदा बरोबर करून दाखवला, त्यांच्याकडून करून घेतला, मग म्हणाले, "आता एकट्याने करा, मी आलोच." थोड्या वेळाने परत आले, हाताची जागा सुधारली, शेवटी शवासन. अर्ध्या तासात त्यांचा पहिला दिवस संपला. उद्या हेच, जमलं तर सूर्यनमस्काराचा दुसरा प्रकार.

स्टुडिओतल्या सगळ्या वर्गांत नवख्याला सर्वांत जास्त वैयक्तिक लक्ष इथेच मिळतं, आणि पाटी मात्र 'प्रगत'! सरांना विचारलं तर म्हणाले, "ती पाटी मी लावलेली नाही. कोणीतरी खोलीत डोकावून लावली असणार."

अडचण वेगळीच आहे. हा क्रम पाठ करायचा असतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा येऊन उपयोग नाही. निदान तीन दिवस हवेत. आणि शुक्रवारी याच अष्टांगाचा मोजणीचा वर्ग असतो. त्यात शिक्षक संस्कृत आकडे मोजतात आणि सगळे एका तालात पहिली मालिका करतात. तो खरंच नवख्यासाठी नाही. वेळापत्रकावर दोन्हींचं नाव 'अष्टांग'. ही दोन नावं आजच वेगळी केली: 'अष्टांग: आपापल्या वेगाने' आणि 'अष्टांग: मोजणीवर'.

तसंच या परंपरेत पौर्णिमा-अमावास्येला सराव नसतो. वेळापत्रकावर त्याचा पत्ताच नाही. नवीन माणूस पहाटे उठून येणार आणि कुलूप बघून परत जाणार. त्या दिवशीच्या चौकटीत 'आज सुट्टी' आपोआप दिसेल अशी सोय केली.

२० जानेवारी

लिहायला बसलो. प्रत्येक वर्णन चारच गोष्टी सांगेल: वेग किती आणि शिक्षक थांबून दाखवतात का, अंगाचा भार कुठे येतो, जमिनीवर किती वेळ, आणि आधी काय यायला हवं. विशेषणं नाहीत. 'ऊर्जा', 'तजेला', 'संगम' सगळे रजेवर.

विन्यासाचं पहिलं वाक्य बराच वेळ जमेना. 'नवशिक्यांसाठी योग्य नाही' हे खरं, पण दार बंद केल्यासारखं होतं. आणि नवशिका म्हणजे कोण, हा प्रश्न राहतोच. धावणारे ते गृहस्थ स्वतःला नवशिके समजत नाहीत. उलट तीन वर्षं नियमित येणाऱ्या एक काकू अजून 'मी बाई नवीनच' म्हणतात. माणूस स्वतःची पातळी सांगताना अशी गल्लत करतोच. अमुक एक हालचाल जमते का, याचं उत्तर मात्र तो बरोबर देतो. म्हणून पातळी विचारायची नाही, कृती विचारायची.

आता असं झालंय:

'अधोमुख श्वानासन आणि प्लँक येत असतील तर या. एका श्वासाला एक हालचाल. आसनं थांबून शिकवली जात नाहीत. तासातला बराच वेळ तळहातांवर भार असतो, मनगट किंवा खांदा दुखत असेल तर हा वर्ग टाळा. अजून येत नसतील तर मंगळवार सकाळचा हठ वर्ग घ्या, तिथे हीच आसनं सावकाश शिकवतात.'

शेवटच्या वाक्यावर माझी भिस्त आहे. नको म्हणायचं तर कुठे जायचं तेही तिथेच सांगायचं. मंगळवारच्या हठ वर्गात शिक्षिका प्रत्येक आसन आधी करून दाखवतात, मग पाच ते आठ श्वास थांबवतात, आणि भिंतीशी खुर्च्या ठेवलेल्या असतात. ताई फोनवर सगळ्यांना तिकडे का पाठवतात ते आता नीट कळलं.

वर्णन झालं की एकच कसोटी लावतो: हे वाचून एखादा तरी माणूस 'हा माझ्यासाठी नाही' म्हणेल का? कुणीच म्हणणार नसेल तर त्या वर्णनाने निवडायला काहीच मदत केलेली नाही. या कसोटीवर माझ्या मसुद्यांतलं शनिवारच्या वर्गाचं वर्णन नापास झालं, म्हणून त्या शिक्षिकांकडे पुन्हा जायचंय.

२३ जानेवारी

कधीच योग न केलेल्या काही जणांना छापील मसुदा दाखवला. कुठलं वर्णन आवडतं हे विचारलं नाही. एकच काम दिलं: "पुढच्या आठवड्यात एका वर्गाला जायचंय. बोट ठेवा आणि का ते बोला."

बोट आधी वेळेवर गेलं, मग वर्गाच्या नावावर. वर्णन उघडायची वेळ पुष्कळांवर आलीच नाही. संध्याकाळी सातला जे सापडलं ते घेतलं. म्हणजे एवढं घासून लिहिलेलं वर्णन आत दडवून काही उपयोग नाही. वर्णनाचं पहिलं वाक्य नावाच्या खाली, यादीतच दिसायला हवं, आणि फोनच्या पडद्यावर ते दोन ओळींत मावायला हवं. विन्यासाचं मावतं. यिनचं पहिलं वाक्य चार ओळी व्हायचं, ते कापून 'तासभर जमिनीवर बसता-झोपता येत असेल तर या' एवढंच ठेवलं.

गुडघ्याचा त्रास असलेल्या एक बाई होत्या. जुनं वेळापत्रक दाखवलं तेव्हा त्यांनी यिन निवडला, "शांत आहे म्हणून." नवं दाखवल्यावर यिनवरून बोट उचललं आणि मंगळवारच्या हठावर नेलं. म्हणाल्या, "खुर्ची आहे ना तिथे? मग झालं." 'खुर्ची' हा शब्द वर्णनात तिसऱ्या वाक्यात होता. तो आता पहिल्यात आहे.

संस्कृत नावांवर सगळेच अडखळले. 'अधोमुख श्वानासन' वाचून एकाने विचारलं, "हे मला येतं की नाही हे मला कसं कळणार?" बरोबर आहे. नाव ठेवलं, कारण वर्गात तेच कानावर पडणार. पण त्याला चित्र जोडलं. नावावर बोट ठेवलं की रेखाचित्र उघडतं.

२४ जानेवारी

रंगीत ठिपके काढले. हिरवा सोपा, नारिंगी मध्यम, लाल कठीण असं जुन्या वेळापत्रकावर होतं. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तर ठिपका दिसतच नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे ठिपका असला की माणूस वाक्य वाचत नाही. यिनला हिरवा ठिपका होता.

२८ जानेवारी

तब्येतीच्या सूचना. प्रत्येक वर्गाखाली तोच परिच्छेद होता: 'कोणताही आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' सगळीकडे तेच असल्यामुळे कुणी वाचत नाही. शिक्षकांबरोबर बसून तो वर्गागणिक वेगळा केला, आणि तोही त्या वर्गात जे घडतं त्याला धरूनच.

विन्यासात डोकं वारंवार हृदयाच्या खाली जातं. अशा स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून काचबिंदू असणाऱ्यांसाठी, आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांसाठी तिथे सूचना. यिनमध्ये पाठ गोल करून बराच वेळ पुढे वाकणं असतं, तिथे हाडं ठिसूळ झालेल्यांसाठी, कारण मणक्यावर दाब येतो. प्राणायामाच्या वर्गात कपालभाती असते, म्हणून गर्भवतींसाठी आणि रक्तदाब असणाऱ्यांसाठी. बाकी वर्गांत 'काही दुखणं असेल तर आधी शिक्षकांना सांगा' एवढं पुरे.

संचालिका मॅडमना 'पाठदुखीवर उत्तम' हे शब्द हठाच्या वर्णनात ठेवायचे होते. मी नको म्हटलं. पाठदुखी कशामुळे आहे यावर सगळं अवलंबून. एखाद्याला पुढे वाकल्याने आराम पडतो, एखाद्याला त्यानेच त्रास वाढतो. मॅडम म्हणाल्या, "पण लोक तेच शोधत येतात." खरं आहे. शेवटी असं ठरलं: 'पाठ दुखत असेल तर आधी फोन करा, शिक्षिका बोलतील.' फोनचं काम वाढलं, पण ते योग्य माणसाकडे गेलं.

३१ जानेवारी

बदली शिक्षकांचा घोळ. मंगळवारच्या बाई रजेवर असल्या की तो वर्ग विन्यासाच्या बाई घेतात आणि साहजिकच वेग वाढतो. वर्णन सांगतं 'थांबून शिकवतात' आणि त्या दिवशी थांबत नाहीत. वर्णन खोटं ठरायला बदलीचा एक दिवस पुरतो.

दोन उपाय केले. वर्णन वर्गाचं राहील, शिक्षकाचं नाही, आणि बदलीवर येणाऱ्याने आदल्या दिवशी ते वाचायचं. ते शक्य नसेल तर वेळापत्रकात त्या दिवसापुरतं नाव बदलायचं. हठाच्या जागी 'विन्यास (बदली)' असं स्पष्ट दिसेल. विन्यासाच्या बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे आता मला हळू शिकवावं लागणार." वर्णन वाचून त्यांनीच त्यात एक दुरुस्तीही सुचवली: 'पाच ते आठ श्वास' हे नवख्याला मोजता येत नाही, 'साधारण अर्धा मिनिट' लिहा. लिहिलं.

४ फेब्रुवारी

नवं वेळापत्रक लागलं. २१ पैकी एकाही वर्गापुढे आता स्तर नाही. नवख्याने थेट यावं असे सहा निघाले, त्यात म्हैसूर पद्धतीचा अष्टांग आहे. शनिवारचा वर्ग अजून लटकलेला आहे. त्या शिक्षिका दर आठवड्याला वेगळं काही घेतात आणि वर्णनात अडकायला तयार नाहीत. तूर्त तिथे लिहिलंय: 'दर शनिवारी विषय वेगळा, तो गुरुवारी इथे दिसेल.' गुरुवारी विषय द्यायचं त्यांनी कबूल केलंय.

११ फेब्रुवारी

ताईंशी बोललो. फोन कमी झालेत का, विचारलं. म्हणाल्या, फारसे नाही, पण प्रश्न बदललेत. आता कोणी 'कुठल्या वर्गाला येऊ' असं विचारत नाही. विचारतात, "मंगळवारी खुर्ची शिल्लक असेल का?" खुर्च्या चारच आहेत. मॅडमना आणखी सहा मागवायला सांगितलं, आणि त्या येईपर्यंत वर्णनात 'खुर्ची हवी असल्यास आधी कळवा' हे जोडलं.

शनिवारचा विषय गुरुवारी आला नाही. शुक्रवारी रात्री आला.